प्राइम : बॅकगॅमनमधील सहा घरांची भिंत

प्राइम : बॅकगॅमनच्या पटावर सलग सहा घरांत प्रत्येकी किमान दोन सोंगट्या बसवून रचलेली अडवणूक. एका फाशाचे दान सहापेक्षा मोठे नसते आणि प्रत्येक फाशाची चाल मोकळ्या घरातच संपावी लागते. त्यामुळे मागे अडकलेली सोंगटी सुटत नाही. दोन्ही फाशांवर सारखे दान पडले तरीही नाही.

भिंतीत पंधरापैकी बारा सोंगट्या गुंततात. उरलेल्या तिन्हींच्या चाली संपल्या की भिंत फोडावीच लागते. ती मागच्या टोकाकडून फोडतात.

समजा, भिंत ४ ते ९ या घरांत आहे. नववे घर सोडल्यास पाच घरे उरतात. शत्रूची सोंगटी भिंतीला लागून तिसऱ्या घरात असेल, तर कोणत्याही एका फाशावर सहा पडताच ती निसटते : ३६ पैकी ११ शक्यता. तीच पहिल्या घरात असेल, तर त्याच डावात सुटायला नेमके सहा-दोन लागते : ३६ पैकी २.

फोडण्याआधी शत्रूचे घरअंगणही पाहावे. अडकलेल्या शत्रूला इतर सोंगट्या हलवाव्या लागून तिथली घरे मोडली असतील, तर आपली सोंगटी मारली गेली तरी लवकर परतते. तिथली घरे भक्कम असतील, तर भिंत शक्य तितकी टिकवावी.