शून्य कोणाचे?

‘शून्याचा शोध आर्यभटाने लावला’ हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते जसेच्या तसे खरे नाही. पण नेमके काय घडले हे समजून घेण्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या जवळचे दोन शिलालेखच पुष्कळ सांगतात.

पहिला जुन्नरजवळच्या नाणेघाटातला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा सातवाहनांचा लेख राजघराण्याच्या यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद करतो. त्यातले आकडे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उलगडून दाखवले. तेथे सतरा लिहिताना दहाची स्वतंत्र खूण काढून तिच्यापुढे साताची खूण ठेवली आहे. सातशेसाठी शंभराच्या खुणेलाच सात जोडले आहेत. दहाला, शंभराला, हजाराला प्रत्येकी वेगळे चिन्ह असल्यामुळे रिकामी जागा उरतच नाही, आणि म्हणून शून्याची गरजही पडत नाही.

दुसरा लेख आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला, ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरचा. इ.स. ६३४ मध्ये रविकीर्तीने चालुक्य पुलकेशीची ही प्रशस्ती रचली. भारतीय युद्धाला ३७३५ वर्षे झाली, असे तो सांगतो. मात्र अंकांत नव्हे, शब्दांत. त्याचा क्रम पाहा: आधी तीस, मग तीन हजार, मग सातशे, शेवटी पाच. क्रम उलटसुलट असूनही बेरीज चुकत नाही, कारण ‘हजार’, ‘शे’ हे शब्दच किंमत सांगतात. आता हेच अंक ३७३५ असे मांडा. पहिला तीन तीन हजारांचा, तिसऱ्या जागेवरचा तीन तीसाचा. खूण एकच; किंमत जागेने ठरली. हेच स्थानमूल्य. येथे क्रम बदलला की संख्याच बदलते, आणि एखादी जागा रिकामी असली तर ती दाखवावीच लागते. जुना आकडा स्थानमूल्याचा आहे की नाही, हे ओळखण्याची कसोटीही हीच.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास प्रत्येक स्थान मागच्याच्या दसपट असते असे सांगितले, पण संख्या लिहिताना त्याने अक्षरे वापरली. शून्याचे चिन्ह त्याच्या ग्रंथात नाही. शून्याला संख्या मानून त्याचे नियम सलगपणे मांडले ते ब्रह्मगुप्ताने, इ.स. ६२८ मध्ये, म्हणजे ऐहोळेच्या लेखाआधी अवघी सहा वर्षे. संख्येतून तीच संख्या वजा केली तर शून्य, शून्याने गुणले तर शून्य, हे त्याचे नियम आजही टिकून आहेत. भागाकारात मात्र तो अडला: शून्याला शून्याने भागले तर शून्यच, असे त्याने म्हटले. पुढे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त लिहिले की शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते. हेही चूकच. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा राशीला ‘खहर’ म्हटले आणि तिला अनंताचे स्वरूप दिले.

दगडावरचे शून्य थोडे उशिरा दिसते. कंबोडियातल्या एका लेखात शक ६०५, म्हणजे इ.स. ६८३, हे वर्ष मधल्या शून्याच्या जागी ठिपका देऊन कोरले आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आहे आणि देवाला रोज ५० हार द्यायचे आहेत. ते छोटे वर्तुळ पुसले तर २७० चे २७ होतील आणि ५० चे ५.

रिकाम्या जागेची खूण बाबिलोनच्या लोकांनीही वापरली होती, पण त्यांची पद्धत साठाच्या पटीची होती. दहाची स्थाने, नऊ अंक आणि ज्यावर गणित करता येते असे शून्य, हे तिन्ही एकत्र आले ते भारतात. आणि ते एका माणसाचे काम नव्हते.

हे अंक बाहेर कसे गेले? इ.स. ६६२ मध्ये सीरियातील धर्मपंडित सेव्हेरस सेबोख्त भारतीयांच्या नऊ चिन्हांच्या गणनेची थोरवी सांगतो. शून्याचा उल्लेख तो करत नाही. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय सिद्धान्तग्रंथ बगदादच्या खलिफाच्या दरबारी पोहोचला. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने या अंकांवर पुस्तक लिहिले. अरबांनी ‘शून्य’ या शब्दाचा अर्थ घेऊन त्याला ‘सिफ्र’ म्हटले. उत्तर आफ्रिकेत हे गणित शिकलेल्या पिसाच्या लिओनार्डोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ मध्ये लॅटिनमध्ये ‘झेफिरम’ लिहिले. त्यातूनच ‘झीरो’ आला.

तरी युरोपने त्याला लगेच थारा दिला नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबवहीत हे अंक वापरण्यास मनाई करून रकमा अक्षरांत लिहायला लावल्या. शून्याला एक शेपूट जोडली की त्याचा सहा होतो, ही भीती अगदीच निराधार नव्हती. आपण धनादेशावर रक्कम अंकांत लिहून पुन्हा अक्षरांतही लिहितो, त्यामागची सावधगिरी तीच. तिथे आजही रविकीर्तीची पद्धत ब्रह्मगुप्ताच्या पद्धतीची राखण करत असते.