थरांच्या क्षेत्रालेखातील मधले थर : वऱ्हाडच्या पीकबदलाच्या इतिहासलेखनातील एक अडचण

प्रस्तावना

कापूस आणि ज्वारी ही अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुनी मुख्य पिके होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जोडीला सोयाबीन आले आणि शेताचे रूप पालटले. सोयाबीनने नेमकी कोणाची जागा घेतली, कापसाची की ज्वारीची, हा प्रश्न वऱ्हाडच्या कृषी इतिहासात महत्त्वाचा आहे. कारण ज्वारी घटली म्हणजे भाकरीबरोबर जनावरांचा कडबाही घटला. याचे उत्तर देताना अनेकदा संगणकावर काढलेला थरांचा क्षेत्रालेख, म्हणजेच स्टॅक्ड एरिया चार्ट, वापरला जातो. या आलेखातील मधले थर वाचताना दिशाभूल कशी होते आणि त्याऐवजी काय वापरावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मधल्या थराचे स्वरूप

या आलेखात प्रत्येक पिकाचे क्षेत्र खालच्या पिकाच्या क्षेत्रावर रचले जाते. सर्वांत खालचा थर सरळ पायारेषेवर उभा असल्याने त्याची चढउतार अचूक दिसते. सर्वांत वरची कडा एकूण क्षेत्र दाखविते, म्हणून तीही विश्वसनीय असते. मधल्या थराला मात्र स्वतःची स्थिर पायारेषा नसते. खालचे पीक वाढले की तो वर ढकलला जातो, घटले की खाली येतो. वाचकाची नजर थराच्या जाडीऐवजी त्याच्या वरच्या कडेमागे जाते.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. समजा, एका तालुक्यात पहिल्या वर्षी कापूस 40, ज्वारी 30, तूर 10 आणि सोयाबीन 5 हजार हेक्टर आहे. काही वर्षांनी कापूस 50 व ज्वारी 20 होते; तूर आणि सोयाबीन तेवढेच राहतात. तिसऱ्या टप्प्यात कापूस 36, ज्वारी 18, तूर 10 व सोयाबीन 26 होते.

हे आकडे याच क्रमाने रचल्यास ज्वारीची वरची कडा अनुक्रमे 70, 70 आणि 54 वर येते. आलेख पाहणारा म्हणेल की ज्वारी आधी स्थिर होती आणि सोयाबीन येताच कोसळली. आकडे याच्या उलट सांगतात. ज्वारीची मोठी घट सोयाबीनपूर्वीच, कापसाच्या वाढीच्या काळात झाली. पुढच्या टप्प्यात ती केवळ 2 हजार हेक्टरने घटली, तर कापूस 14 हजारांनी. तुरीचा पट्टाही खाली उतरताना दिसतो. वस्तुतः तूर तसूभरही हललेली नाही.

उतरत्या पट्ट्यात आणखी एक भ्रम होतो. जाडी उभ्या दिशेने मोजायची असते, परंतु डोळा दोन कडांमधील सर्वांत जवळचे अंतर पाहतो. पट्ट्याचा उतार 60 अंशांचा असेल तर हे अंतर उभ्या जाडीच्या निम्मेच भरते.

ऐतिहासिक संदर्भ

ही अडचण संगणकापूर्वीची आहे. विल्यम प्लेफेअर यांनी 1786 साली प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात ईस्ट इंडीजशी होणाऱ्या इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या दोन रेषा आहेत. 1760 नंतरच्या थोड्या वर्षांत दोन्ही रेषा एकत्र झपाट्याने चढतात आणि त्यांतील अंतर फारसे बदलले नाही असे वाटते. क्लीव्हलंड व मॅकगिल या संशोधकांनी 1984 साली हेच उदाहरण घेऊन दाखविले की, वजाबाकी करून वेगळी रेषा काढल्यास त्या काळात अंतर एकदम वाढून पुन्हा घटलेले दिसते. समान पायारेषेवरील स्थानांची तुलना डोळा अधिक अचूक करतो, हा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होय.

पर्यायी मांडणी

पिके चार-पाच असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र रेषा एकाच अक्षावर काढावी. वरील उदाहरणात ज्वारीची रेषा 30, 20, 18 अशी उतरते आणि घटीचा काळ तत्काळ कळतो. पिके अधिक असून रेषा गुंतत असतील, तर प्रत्येक पिकाचा छोटा आलेख समान मापाने शेजारी-शेजारी मांडावा. त्यात लहान पिकांच्या रेषा सपाट दिसतात; अशा वेळी त्यांचे माप वेगळे घ्यावे आणि तसे ठळकपणे नमूद करावे. एकूण क्षेत्र दाखवायचे असल्यास त्याचा आलेख निराळा द्यावा. थरांचाच आलेख ठेवणे भाग असेल, तर ज्या पिकाविषयी विधान करावयाचे ते सर्वांत खाली घ्यावे.

छापील आलेख तपासण्याचा उपाय सोपा आहे. कागदाच्या पट्टीवर एका वर्षाची उभी जाडी खुणेने घ्यावी आणि पट्टी दुसऱ्या वर्षावर उभी धरून ताडून पाहावी.

आलेख बदलला तरी मूळ आकड्यांच्या मर्यादा उरतातच. 1998 साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे त्यापुढची अकोल्याची घट कोणत्याही आलेखात पीकबदलासारखी भासेल. तसेच जिल्ह्याच्या बेरजेवरून कोणत्या शेतात कोणते पीक बदलले, हे सिद्ध होत नाही.

निष्कर्ष

थरांचा क्षेत्रालेख एकूण क्षेत्र आणि तळाचे पीक यांपुरताच विश्वसनीय आहे. ज्वारी वा तुरीसारख्या मधल्या पिकाच्या घटीचा काळ आणि कारण त्यावरून ठरवू नये. ते स्वतंत्र रेषेवरूनच ठरवावे.