अक्षरांचे पाय : दुकानाची पाटी वाचण्याआधी ती कशी पाहावी?

१८०७ साली इंग्लंडमध्ये एका स्पॅनिश प्रवाशाची म्हणून पत्रे प्रसिद्ध झाली. हा प्रवासी काल्पनिक होता, त्याच्याआड कवी रॉबर्ट साउदी लिहीत होता. एका पत्रात लंडनच्या दुकानांवरील पाट्यांची यथेच्छ टिंगल आहे. इजिप्तचे वेड शहरात असे शिरले आहे की पाट्यादेखील 'इजिप्शियन' अक्षरांत रंगवल्या जात आहेत, अशी त्याची तक्रार. ही अक्षरे म्हणजे आपली नेहमीचीच, फक्त त्यांच्या सर्व रेषा सारख्याच जाड, त्यामुळे ज्या रेषा बारीक असायला हव्यात त्यांना हत्तीरोग झाल्यासारखे दिसते, असा त्याचा शेरा आहे.

नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतरचा हा काळ. पिरॅमिड, स्फिंक्स, ओबेलिस्क यांची नक्कल खुर्च्यांपासून चुलीच्या कठड्यापर्यंत सर्वत्र चालू होती. परंतु साउदीच्या वर्णनात एक गोष्ट राहून गेली आहे. रेषा जाड होत्या हे तो सांगतो, मात्र त्या रेषांच्या टोकांना काय होते, याबद्दल तो मौन पाळतो. आणि अक्षराचे कुळ ओळखायचे ते नेमके त्या टोकांवरून.

रोमन लिपीतील मोठे 'एच' घ्या. त्याच्या दोन उभ्या दांड्या जिथे संपतात तिथे डावी-उजवीकडे आडवी पट्टी निघाली असेल, तर तो अक्षराचा पाय, म्हणजेच सेरिफ. प्राचीन रोमच्या शिलालेखांतील अक्षरांना तो आहे. पाय अजिबात नसतील तर ते सॅन्स सेरिफ. पाय असतील, पण दांडीइतकेच जाड आणि चौकोनी ठोकळ्यांसारखे असतील, तर ते स्लॅब सेरिफ. 'आय' या अक्षरावर मात्र विसंबू नये. व्हर्डानासारख्या सॅन्स टंकातही मोठ्या 'आय'ला वाचनाच्या सोयीसाठी वर-खाली पट्ट्या दिलेल्या असतात. 'एच', 'एन', 'एल' ही अक्षरे अधिक प्रामाणिक.

आता लंडनला परत येऊ. साउदीच्या पत्रांनंतर साधारण दहा वर्षांत दोन ओतशाळांनी आपापली नमुनापुस्तके काढली. धातूचे खिळे ओतणाऱ्या या कारखान्यांची नमुनापुस्तके म्हणजे छापखान्यांसाठी विक्रीची यादीच. विल्यम कॅझलन चौथा याच्या १८१६ च्या पुस्तकात केवळ मोठ्या अक्षरांची एक ओळ आहे. तिच्यात त्याने स्वतःचे नाव आणि व्यवसाय छापला आहे. 'एल', 'ई', 'टी' सरळ उतरतात आणि करवतीने कापल्यासारखे थांबतात. पाय नाहीत. आज ज्ञात असलेला हा रोमन लिपीचा पहिला छापील सॅन्स सेरिफ. त्याचे नाव काय? इजिप्शियन!

याच सुमारास, १८१५ ते १८१७ च्या दरम्यान, व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुनापुस्तकात दुसरेच अक्षर दिसते. दांड्या जाड, आणि पायही जवळजवळ तितकेच जाड, काटकोनी. हा पहिला स्लॅब सेरिफ. याचे नाव 'अँटिक'. पुढील काही वर्षांत इतर ओतशाळांनी मात्र 'इजिप्शियन' हे नाव पायवाल्या ठोकळा-अक्षरांनाच देण्यास आरंभ केला आणि ते तिथेच चिकटले. विसाव्या शतकातील स्लॅब टंकांची मेम्फिस, कैरो, कर्नाक ही नावे त्याच परंपरेतली. कॅझलनच्या बिनपायी कुळाला 'सॅन्स सेरिफ' हे नाव १८३२ च्या सुमारास मिळाले, तेही फिगिन्सच्याच पुस्तकात.

म्हणजे १८१६ च्या कागदात 'इजिप्शियन' हा शब्द वाचून आजचा विद्यार्थी स्लॅब गृहीत धरेल, तर तो नेमका उलट निष्कर्ष काढेल. पुढे अमेरिकेत 'गॉथिक' म्हणजे सॅन्स, आणि युरोपात 'गॉथिक' म्हणजे जुनी काळी, कोनदार अक्षरे, असाही गोंधळ आहेच. माझे मत असे की नाव शेवटी वाचावे, आधी पाय पाहावेत.

पण आपल्यासमोर बहुधा मूळ पान नसते, छायाचित्र असते, आणि छायाचित्र फसवते. सर्वांत मोठी फसगत अठराव्या शतकाच्या अखेरीच्या दिदो आणि बोदोनी घराण्यांची होते. त्यांचे पाय केसाइतके बारीक असतात. मोबाइलवर टिपलेल्या अंधुक पानात किंवा उन्हाने चकाकणाऱ्या पाटीवर ते पाय नाहीसेच होतात आणि अक्षर सॅन्स वाटू लागते. अशा वेळी 'ओ'कडे वळावे. त्याच्या दोन्ही बाजू जाड आणि माथा-तळ अगदी बारीक असेल, तर पाय होते, कॅमेऱ्याने गिळले, असा संशय घेण्यास भक्कम जागा आहे. बहुतेक सॅन्स आणि स्लॅब अक्षरांत 'ओ'ची जाडी सभोवार जवळपास सारखी राहते, म्हणजे साउदीचा तो हत्तीरोग.

उलट फसगत पाटीवरच्या उठावदार धातूच्या अक्षरांची. त्यांची सावली किंवा बाजूची जाडी पायासारखी भासते. सावली सर्व अक्षरांत एकाच दिशेला पडते, तर खरा पाय दांडीच्या दोन्ही बाजूंना आणि वर-खाली दोन्हीकडे असतो. एवढी तपासणी पुरते.

तिसरी अडचण जुन्या पुस्तकांची. दाबून छापताना शाई पसरते आणि स्लॅबचा काटकोन गोलसर होतो. तो खरोखरच गोल कोरलेला असू शकतो, कारण १८४५ साली लंडनमध्ये क्लॅरेंडन नावाचा टंक आला, ज्यात जाड पाय दांडीला वळणदार आधाराने जोडलेले आहेत. फरक असा करावा : शाईने झालेली गोलाई प्रत्येक अक्षरात वेगळी आणि वेडीवाकडी असते, तर कोरलेली गोलाई पानभर एकसारखी.

आता काळ ठरवण्याचा प्रश्न. समजा एका छायाचित्रातील पाटीवर स्लॅब अक्षरे आहेत आणि खाली लिहिले आहे, 'लंडन, अठरावे शतक'. छायाचित्रण तेव्हा नव्हतेच, म्हणून दावा पाटीपुरता मानू. अक्षरे छापील टंकाची नक्कल असतील तर ती १८१५ च्या मागे नेणे अवघड. त्यातही 'ओ' कंपासने काढल्यासारखा गोल असेल आणि रेषेची जाडी कुठेच बदलत नसेल, तर मेम्फिस (१९२९) किंवा रॉकवेल (१९३४) यांची आठवण व्हायला हवी. एकोणिसाव्या शतकातील स्लॅब इतके भूमितीय सहसा नसतात.

सॅन्सच्या बाबतीत मात्र १८१६ ही भिंत मानता येत नाही. ती तारीख ओतलेल्या खिळ्यांची आहे. पाटी रंगवणाऱ्याला खिळ्यांची गरज नव्हती. स्थापत्यकार जॉन सोन अठराव्या शतकाच्या अखेरीसच आपल्या आराखड्यांवर बिनपायी अक्षरे लिहीत होता. साउदीच्या टिंगलीचा विषय झालेल्या पाट्याही कॅझलनच्या नमुन्याच्या आधीच्या. म्हणजे हे अक्षर रस्त्यावर आधी आले आणि छापखान्यात नंतर.

जाता जाता : हे वर्गीकरण देवनागरीवर लादू नये. शिरोरेषा म्हणजे सेरिफ नव्हे. आपल्या अक्षरांतील जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूच्या टोकातून येतो, आणि त्याच्या कुळांची चर्चा वेगळ्या थ्रेडमध्ये.