तळटीप पद्धत आणि लेखक-वर्ष पद्धत (प्रशासकीय कायद्याच्या निबंधांत)

शोधनिबंधात आधार दाखवण्याच्या दोन रीती. तळटीप पद्धतीत मजकुरात फक्त ओळीच्या वर उचललेला आकडा येतो आणि आधाराचा तपशील त्याच पानाच्या तळाशी दिला जातो. लेखक-वर्ष पद्धतीत लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष आणि पान मजकुरातच कंसात येते. बाकीचा तपशील निबंधाच्या शेवटच्या सूचीत असतो. दुसऱ्या रीतीचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील निबंधात मानला जातो. कायद्याच्या लेखनात मात्र तळटीप टिकून राहिली. अमेरिकेतील ‘ब्लूबुक’ (पहिली आवृत्ती १९२६) आणि ऑक्सफर्डची ‘ऑस्कोला’ या दोन्ही नियमावल्या तिच्यावरच उभ्या आहेत.

पुण्यात या दोन रीतींची गाठ वारंवार पडते. कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय आहे, आणि वास्तुकला व नगररचनेच्या लेखनात लेखक-वर्ष रीत रुळलेली आहे. तिथून जवळच, विधी महाविद्यालय रस्त्यावर, १९२४ साली स्थापन झालेले आयएलएस विधी महाविद्यालय आहे. विकास आराखडा, भूसंपादन, बांधकाम परवानगी हे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे विषय आहेत. नगररचनेची विद्यार्थिनी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ वर लिहू लागली की ती प्रशासकीय कायद्यातच शिरलेली असते, आणि सवयीची रीत तिथे अडखळते.

अडखळण्याचे कारण साधे आहे. लेखक-वर्ष पद्धत प्रत्येक आधाराला लेखक आहे असे धरून चालते. प्रशासकीय कायद्यातील बहुतेक आधारांना तो नसतो. निवाड्याला पक्षकार असतात, अधिनियमाला विधिमंडळ असते, शासन निर्णयाला विभाग असतो. शिवाय इथे प्रकाशनाच्या वर्षापेक्षा, तो आधार आज कायदा म्हणून जिवंत आहे का, हे जास्त महत्त्वाचे असते.

पुणे महानगरपालिकेचेच उदाहरण घ्यावे. तिच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाचे निदान तीन निवाडे प्रशासकीय कायद्याच्या निबंधांत येऊ शकतात. २००४ चा निवाडा विकास नियंत्रण नियमावलीतील फेरबदलाच्या राज्य शासनाच्या अधिकाराविषयी आहे. आदेश मुळातच शून्य असला तरी तो सक्षम न्यायालयाकडून रद्द करून घ्यावा लागतो, असे २००७ चा निवाडा सांगतो. २०१४ च्या निवाड्यात भूसंपादनाची भरपाई सरकारी तिजोरीत जमा केली म्हणजे ती ‘दिली’ असे होत नाही, असे ठरले. प्रकरण पुण्यातील वन उद्यानासाठी घेतलेल्या जमिनीचे होते. कंसात ‘(पुणे महानगरपालिका २००७)’ आणि ‘(पुणे महानगरपालिका २०१४)’ असे लिहिले, तर ते पालिकेचे दोन अहवाल असावेत असे वाटते. त्याच निबंधात पालिकेचे त्या वर्षांचे खरे अहवालही असले, तर गोंधळ सुटतच नाही.

यापुढची अडचण अधिक गंभीर आहे. इंदूर विकास प्राधिकरण वि. मनोहरलाल या खटल्यात ६ मार्च २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘पुणे महानगरपालिका’ हा निवाडा आणि त्याला अनुसरून दिलेले निवाडे अमान्य ठरवले. अमान्य झाला तो २०१४ चा. शून्य आदेशाविषयीच्या २००७ च्या निवाड्याला त्याने धक्का लागलेला नाही. दोघांचे छोटे नाव एकच असल्यामुळे घाईने वाचणारा जिवंत निवाडा मेलेला समजू शकतो, किंवा त्याच्या उलट. म्हणून छोटे नाव नेहमी वेगळेपण दाखवणाऱ्या पक्षकारावरून घ्यावे. २०१४ च्या निवाड्याची पहिली तळटीप अशी होईल :

पुणे महानगरपालिका वि. हरकचंद मिसिरीमल सोळंकी, (२०१४) ३ एससीसी १८३ (यापुढे ‘हरकचंद’). अमान्य : इंदूर विकास प्राधिकरण वि. मनोहरलाल, (२०२०) ८ एससीसी १२९, परि. ३६५.

निवाड्याचे पुढे काय झाले ते सांगायला तळटीपेत हक्काची जागा मिळते. कंसातल्या ‘२०१४’ मध्ये ती नाही, आणि प्रशासकीय कायद्याच्या निबंधासाठी तळटीप घ्यावी याचे माझ्या मते हेच सर्वांत बळकट कारण आहे. नेमकी जागा दाखवताना पानाऐवजी परिच्छेद द्यावा. एकाच निवाड्याचे पान प्रत्येक निर्णयसंग्रहात वेगळे असते, पण न्यायालयाने घातलेले परिच्छेद क्रमांक सहसा सगळीकडे तेच राहतात. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःचा तटस्थ उल्लेखांकही देते; त्यात वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि क्रमांक असतो. एखादा संग्रह हाताशी नसलेल्या वाचकाला तो उपयोगी पडतो.

तळटीप बिघडते ती बहुधा ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त टीप’ या उल्लेखांत. मसुद्यात मध्येच एक नवी टीप घातली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, पण हाताने टाइप केलेला ‘उपरोक्त टीप १२’ तसाच राहतो. उलटसंदर्भाची सोय वर्ड व लिबरऑफिसमध्ये आहे. ती वापरली तर क्रमांक अद्ययावत करता येतो. आधीच्या टीपेत दोन आधार असतील तर ‘तत्रैव’ लिहू नये, कारण ते कोणत्या आधाराविषयी आहे हे कळत नाही.

लेखक-वर्ष पद्धत सर्वस्वी गैरसोयीची नाही. निबंधाचा भर आकडेवारी, क्षेत्रपाहणी आणि इतरांच्या अभ्यासावर असेल, निवाडे चार-दोनच असतील, तर ती वाचायला सुटसुटीत असते. कोण केव्हा काय म्हणाले हे चर्चेच्या ओघातच दिसते. अशा निबंधात निवाड्याचे नाव वाक्यातच लिहावे आणि त्याचा तपशील सूचीच्या वेगळ्या विभागात द्यावा. शासन निर्णयांची मात्र इथे कोंडी होते. नगरविकास विभाग एका वर्षात पुष्कळ निर्णय व अधिसूचना काढतो, त्यामुळे ‘महाराष्ट्र शासन २०२०अ, २०२०आ, २०२०इ’ अशी रांग लागते. त्यांतली एखादी नोंद नंतर वाढली की अक्षरे बदलतात आणि मजकुरातले कंस चुकतात. त्यापेक्षा विभाग, क्रमांक आणि दिनांक यांवरूनच निर्णय ओळखावा. शासनाच्या संकेतस्थळावरील निर्णयाच्या शेवटी छापलेला संकेतांकही नोंदवावा, कारण शोधताना तोच हमखास कामी येतो.

संदर्भसूची कोणत्याही रीतीत एकाच घडणीची असावी. निवाडे, अधिनियम व नियम, शासन निर्णय व अधिसूचना, आणि ग्रंथ व लेख असे विभाग पाडावेत. निवाडे पहिल्या पक्षकाराच्या नावाने अकारविल्हे लावावेत; पुणे महानगरपालिकेचे तिन्ही निवाडे एकत्र येतात, तिथे दुसऱ्या पक्षकारावरून क्रम ठरवावा. अधिनियम नावावरून लावावा. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. सूचीत चालू नाव ठेवून जुने नाव कंसात द्यावे, म्हणजे जुन्या निवाड्यांतला उल्लेख जुळतो.

ग्रंथांच्या नोंदीत दोन रीतींतला फरक वर्षाच्या जागेचा आहे. आयएलएसचे प्राचार्य राहिलेले स. प. साठे यांचा प्रशासकीय कायद्यावरील इंग्रजी ग्रंथ तळटीप पद्धतीच्या सूचीत ‘साठे, स. प., ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ, ७ वी आवृत्ती, २००४’ असा येईल. लेखक-वर्ष सूचीत ‘साठे, स. प. २००४. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ. ७ वी आवृत्ती’ असा. तळटीपेत मात्र नाव उलटे करायचे नाही, ‘स. प. साठे’ असेच लिहायचे. आवृत्तीचा क्रमांक दोन्हीकडे हवाच, कारण आवृत्ती बदलली की पानेही बदलतात. प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ आत सरकवावी, आणि स्वल्पविराम की पूर्णविराम हे पहिली नोंद लिहितानाच ठरवून टाकावे. मजकूर पुरा झाल्यावर तळटीपांतील प्रत्येक आधार सूचीत आहे का आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात वापरली आहे का, हे दोन्ही बाजूंनी ताडून पाहावे. निवाडा अजून कायम आहे का, हे सादर करण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावे.