अधिकाराविना प्रभाव (प्रकल्पव्यवस्थापन)

अधिकाराविना प्रभाव : इतर विभागप्रमुखांच्या हाताखालील माणसांकडून, त्यांची बढती वा रजा आपल्या हाती नसताना, प्रकल्पप्रमुखाने काम करवून घेण्याची रीत. ॲलन कोहेन व डेव्हिड ब्रॅडफोर्ड यांनी १९९० च्या ग्रंथात ती देवाणघेवाणीच्या तत्त्वावर मांडली : समोरच्याची नड ओळखून ती भागवायची व बदल्यात सहकार्य मिळवायचे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्यात नव्या भागाच्या चाचणीसाठी प्रकल्पप्रमुखाला प्रेस हवा असतो. उत्पादनप्रमुखाचे मूल्यमापन मात्र दिवसाच्या नगांवर होते. भर पाळीत प्रेस मागितला, तर बहुधा नकार मिळतो. डाय बदलण्याच्या वेळेला जोडून दोन तास मागितले, किती नग बुडतील ते आधीच सांगितले आणि टूलरूमचा कारागीर हजर ठेवला, तर होकाराची शक्यता वाढते.

बैठकीत सगळे मान डोलावतात, पण ठरल्या वेळी माणूस येत नाही, हे प्रभाव न पडल्याचे लक्षण. दोन विभागांची उद्दिष्टेच परस्परविरोधी असतील, तर ही रीत अपुरी पडते. तेथे प्राधान्यक्रम कारखानाप्रमुखालाच ठरवावा लागतो.