प्रत्येक सूत्र आणि सगळी सूत्रे

मागच्या वेळी आपण ‘प्रिन्किपिया मॅथेमॅटिका’च्या सुरुवातीच्या पानांपाशी थांबलो होतो. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या या ग्रंथाचा पहिला खंड १९१० साली निघाला. सगळे गणित तर्कशास्त्रातून काढून दाखवायचे, असा त्यांचा संकल्प होता. आज त्याच पानांतली एक अगदी साधी गोष्ट घेऊ. ग्रंथकर्ते तिथे एक वाक्य सांगतात, ते खरे आहे असेही म्हणतात, पण त्याला आपल्या प्रमेयांच्या यादीत बसवत नाहीत. असे का, हा आजचा प्रश्न.

वाक्य असे आहे. p आणि q ही विधाने सममूल्य असतील, म्हणजे दोन्ही एकदम खरी किंवा दोन्ही एकदम खोटी असतील, तर कुठल्याही मोठ्या विधानात p च्या जागी q ठेवले तरी त्या मोठ्या विधानाची सत्यता बदलत नाही. चिन्हांत लिहायचे तर p≡q असेल तर f(p)≡f(q). आपण बीजगणितात समान पदाच्या जागी समान पद घालतो, तसेच हे. शाळेतल्या मुलालाही पटेल असे.

अडचण त्या f मध्ये आहे. f म्हणजे ‘कुठलेही सूत्र’. सूत्रे तर अगणित आहेत. ‘प्रिन्किपिया’ची भूमिका अशी की प्रत्यक्ष जे सूत्र समोर येईल, त्याच्यापुरते हे सिद्ध करता येते. ज्या ठिकाणी लागेल त्या ठिकाणी करून घ्यावे. पण ‘सगळ्या सूत्रांसाठी’ असे एक प्रमेय त्या पद्धतीच्या आत मांडायची सोय त्यांच्याकडे नव्हती. p, q, r ही विधानांची चिन्हे त्यांच्याकडे आहेत. ‘सूत्र’ या वस्तूविषयी बोलणारे चिन्ह नाही.

आता ‘प्रत्येकासाठी जमते’ आणि ‘सगळ्यांसाठी सिद्ध आहे’ यांत फरक तो काय, असे कुणी म्हणेल. फरक आहे. आजवर आलेल्या दहा सूत्रांसाठी जमले, अकराव्यासाठी जमेलच हे कशावरून? ‘जमेलच’ असे आपण म्हणतो त्याला कारण काहीतरी द्यावे लागेल. ते कारण पुढे आले १९२१ साली.

त्या वर्षी एमिल पोस्ट यांचा प्रबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आला. पोस्ट मूळचे पोलंडमधल्या ऑगस्टुफ गावचे, जन्म १८९७चा, लहानपणीच अमेरिकेत गेलेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी हे काम डॉक्टरेटसाठी केले. त्यांनी ‘प्रिन्किपिया’चा फक्त विधानांचा भाग उचलला आणि एक पवित्रा बदलला. आपली प्रमेये या तर्कशास्त्राविषयी आहेत, त्याच्या आतली नाहीत, हे त्यांनी स्पष्ट बजावले. म्हणजे आपण पटावर खेळत नाही, पटाकडे बाहेरून बघतो आहोत. बाहेरून बघितले की सूत्र ही एक घडवलेली वस्तू दिसते.

ती कशी घडते? ‘प्रिन्किपिया’त मूळ क्रिया दोनच. एक निषेध, ~. दुसरी विकल्प, ∨, म्हणजे ‘किंवा’. ‘जर-तर’ही त्यांच्यातूनच बनते, p⊃q म्हणजे ~p∨q. तेव्हा सूत्र होण्याचे तीन मार्ग. p, q, r अशी एकटी अक्षरे ही सूत्रे. A सूत्र असेल तर ~A हे सूत्र. A आणि B सूत्रे असतील तर (A∨B) हे सूत्र. चौथा मार्ग नाही. हे ‘चौथा मार्ग नाही’ लक्षात ठेवा, आजची सगळी सिद्धता त्याच्यावर उभी आहे.

पोस्ट यांनी प्रत्येक सूत्राला एक पायरी दिली. एकट्या अक्षराची पायरी ०. m पायरीच्या सूत्राला निषेध लावला की m+1. दोन सूत्रांचा विकल्प केला की त्यांतल्या मोठ्या पायरीहून एक जास्त. आपण एक उदाहरण घेऊ:

~(p∨~r)∨p

p आणि r यांची पायरी ०. ~r ची १. p∨~r मध्ये एकाची ०, दुसऱ्याची १, म्हणून २. त्याला निषेध लावला, ३. शेवटी त्याचा p शी विकल्प केला, ४. घर बांधताना कुठला मजला कशावर उभा आहे हे दिसावे, तसे हे दिसते.

आता सिद्धता. धरून चालू की p≡q. दावा असा की कुठल्याही सूत्रात p च्या जागी q घातले तर जुने आणि नवे सूत्र सममूल्य राहतात. पायरी ० घ्या. सूत्र एकटे अक्षर आहे. ते p असेल तर नवे सूत्र q, आणि p≡q हे आपण धरलेलेच आहे. ते दुसरे अक्षर असेल, समजा r, तर काही बदलतच नाही, आणि r≡r.

आता समजा m पर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांवर दावा खरा ठरला. m+1 पायरीचे कुठलेही सूत्र घ्या. ते घडायला दोनच मार्ग. पहिला, ते ~A असेल. A ची पायरी m, तेव्हा A आणि बदललेले A' सममूल्य आहेत. सममूल्य विधानांचे निषेधही सममूल्य असतात, हे ‘प्रिन्किपिया’तलेच प्रमेय आहे, क्रमांक ✱4·11. दुसरा, ते A∨B असेल. दोन्ही भागांची पायरी m किंवा कमी, म्हणून A≡A' आणि B≡B'. मग A∨B आणि A'∨B' सममूल्य, हे ✱4·39. तिसरा मार्ग नाहीच. झाले.

इथे वर्गात हटकून होणाऱ्या दोन चुका सांगतो. पहिली चूक आम्ही शिकवताना वर्षानुवर्षे पाहिली. विद्यार्थी लिहितो, ‘m पायरीवर दावा खरा आहे, म्हणून m+1 वरही.’ आणि विकल्प आला की अडकतो. आपले उदाहरण पाहा: ४ पायरीच्या सूत्राचा एक भाग ३ पायरीचा आहे, दुसरा भाग नुसता p, पायरी ०. फक्त ३ पायरीची माहिती हाताशी असेल तर त्या p बद्दल तुम्ही काय बोलणार? म्हणून गृहीत धरायचे ते ‘m पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या’. अलीकडे तर पायरी मोजतच नाहीत. A आणि B साठी खरे असेल तर ~A आणि A∨B साठीही खरे, एवढेच दाखवतात. त्याला सूत्राच्या घडणीवरचे विगमन म्हणतात. मुद्दा तोच.

दुसरी चूक कंस सोडण्याची. ~p∨q असे लिहिले, तर ते (~p)∨q की ~(p∨q)? पहिल्यात शेवटची क्रिया विकल्प, दुसऱ्यात निषेध. p आणि q दोन्ही खरी धरली तर पहिले खरे, दुसरे खोटे. सूत्र कुठल्या मार्गाने घडले हे एकाच प्रकारे वाचता येत नसेल, तर ‘ते ~A तरी असेल, नाही तर A∨B’ असे म्हणून पुढे जाताच येत नाही. आपण निषेध त्याच्या लगतच्या सूत्रापुरताच धरतो, म्हणून इथे गोंधळ होत नाही. पण हा संकेत आहे, आणि तो आधी सांगून ठेवावा लागतो.

या सिद्धतेची मर्यादा कुठे, तेही पाहू. समजा आपण भाषेत एक चौथा मार्ग घातला: A सूत्र असेल तर ‘रामभाऊंना वाटते की A’ हेही सूत्र. आता m+1 पायरीवर तिसरी शक्यता आली. A≡A' हे माहीत आहे. पण म्हणून रामभाऊंना एक वाटत असेल तर दुसरेही वाटत असेलच का? ‘पुणे मुठेच्या काठी आहे’ आणि ‘सतरा ही मूळ संख्या आहे’ ही दोन्ही खरी, म्हणून सममूल्य. रामभाऊ पुण्यात राहतात, पहिले त्यांना पक्के ठाऊक आहे; सतराचा त्यांनी कधी विचारच केला नसेल. सिद्धता इथे मोडते, आणि नेमकी कुठे मोडते हे आपल्याला बोट ठेवून सांगता येते: पायाशी नाही, निषेधाशी नाही, विकल्पाशी नाही, या नव्या मार्गापाशी. ‘प्रिन्किपिया’च्या लेखकांनाही हा प्रश्न माहीत होता. १९२५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यावर एक स्वतंत्र परिशिष्टच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हाइटहेड-रसेल यांनी हे का केले नाही? आमच्या मते त्यांच्यापुढे एक खरी अडचण होती. पोस्ट यांनी पायरीवर विगमन केले, ० पासून m आणि m पासून m+1. हे गणिती विगमन. पण ‘प्रिन्किपिया’त विगमन स्वतःच तर्कशास्त्रातून काढून दाखवायचे होते. संख्यांसाठीचे त्याचे रूप १९१२च्या दुसऱ्या खंडात येते. पहिल्या खंडाच्या आरंभी तेच वापरले असते तर घराचा पाया वरच्या मजल्यावरून आणल्यासारखे झाले असते. पोस्ट यांच्यावर ते बंधन नव्हते. ते गणिताचा पाया घालत नव्हते, एका तयार वस्तूचा अभ्यास करत होते.

मग कोण बरोबर? आपले उदाहरण पुन्हा घ्या, ~(p∨~r)∨p. धरलेले आहे p≡q. ~r तर तसेच राहते. म्हणून p∨~r ≡ q∨~r. म्हणून ~(p∨~r) ≡ ~(q∨~r). याला p≡q जोडा, पूर्ण सूत्र मिळाले. चार ओळी, आणि त्यांत कुठेही विगमन नाही! फक्त ✱4·11, ✱4·39 आणि r≡r. म्हणजे ‘प्रत्येक सूत्राला वेगळी सिद्धता देता येते’ हे व्हाइटहेड-रसेल यांचे म्हणणे खरेच होते. पोस्ट यांचे विगमन या चार ओळींच्या जागी काही वेगळे आणत नाही. ते सांगते की कुठलेही सूत्र द्या, त्याच्या घडणीच्या क्रमाने चालत गेलात तर अशा ओळी मिळतीलच, आणि किती टप्प्यांत मिळतील तेही आधीच सांगता येईल.

‘प्रत्येकासाठी जमते’ या वाक्यातला तो ‘जमतेच’ कुठून येतो, हे त्यांच्याकडे लिहिलेले नव्हते. पोस्ट यांनी ते लिहिले. तेवढ्यासाठी मात्र पटाच्या बाहेर उभे राहावे लागले, आणि बाहेर उभे राहताना आपण स्वतः कुठले तर्क वापरतो, हा प्रश्न मागे राहिलाच. त्याच प्रश्नाचे हिल्बर्ट यांनी १९२०च्या दशकात काय केले, ते पुढच्या वेळी पाहू. तोवर घरी एक करून बघा: ~ काढून टाका, फक्त ∨ ठेवा, आणि सिद्ध करा की अशा कुठल्याही सूत्रातली सगळी अक्षरे खरी धरली तर सूत्र खरेच येते. मग सांगा, नुसत्या ‘किंवा’तून ‘नाही’ कधी बनेल का?