बातमीचा उलटा पिरॅमिड म्हणजे काय?

"नगरपालिकेची सभा सोमवारी नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली झाली. विविध विषयांवर चर्चा झाली. शेवटी वार्षिक पाणीपट्टी १,२०० वरून १,८०० रुपये करण्याचा ठराव मंजूर झाला."

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला पुनर्लेखनासाठी देता येईल असा हा मजकूर. सभा नेहमीच होतात. घरोघरी परिणाम करणारी बातमी शेवटच्या वाक्यात दडली आहे. उलट्या पिरॅमिडमध्ये ती सर्वात वर येते: "वार्षिक पाणीपट्टी ६०० रुपयांनी वाढवण्याचा ठराव नगरपालिकेने सोमवारी मंजूर केला." त्याखाली वाढीचं कारण आणि विरोध. अध्यक्ष कोण होतं, हे तळाशी. जागा कमी पडली तर तेच आधी कापलं जातं.

मथळाही पहिल्या वाक्यातूनच निघतो: "पाणीपट्टी दीडपट करण्याचा ठराव मंजूर". "दुप्पट" लिहिलं तर ती चूक, आणि मथळा वाचूनच फॉरवर्ड करणाऱ्यांकडून तीच पसरते.